तेरा फुटांची गच्ची आणि दोन दिशांची पॅनेलं

पुण्यात धायरीला माझा मावसभाऊ राहतो. त्याचं घर एका रो-हाउसच्या ओळीत मधोमध आहे, म्हणजे दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती चिकटलेल्या. गच्ची पूर्व-पश्चिम लांब आणि दक्षिणोत्तर अरुंद. कठड्याच्या आतल्या बाजूने मोजली तर रुंदी जेमतेम तेरा फूट. पश्चिम टोकाला जिन्याची खोली आणि तिच्या डोक्यावर पाण्याची टाकी. खोलीपासून चार फूट वावरायला सोडले, तर पूर्वेच्या कठड्यापर्यंत ३३ फूट लांबी उरते. सोलर बसवायचं ठरल्यावर दोन ठेकेदार येऊन गेले. पहिला म्हणाला, दक्षिणेला तोंड करून आठ पॅनेलं बसतील. दुसरा म्हणाला, पूर्व-पश्चिम लावू, बारा बसवतो. मग भावाचा मला फोन आला : "दादा, लहानपणापासून ऐकतोय की सोलर दक्षिणेकडे तोंड करून लावतात. हा दुसरा मला गंडवतोय का?"

गंडवत नव्हता. पण तो अर्धीच गोष्ट सांगत होता, आणि पहिलाही.

दक्षिणेचा आग्रह कुठून आला ते आधी पाहू. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला आहोत, म्हणून सूर्य वर्षाचा बराच काळ आपल्या दक्षिणेकडून जातो. पुणे साडेअठरा अंश उत्तरेला आहे. २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य दक्षिण क्षितिजापासून ४८ अंशांवर असतो. पॅनेल दक्षिणेकडे पंधरा-अठरा अंश कललेलं असेल तर हे हिवाळी ऊन त्याच्यावर बऱ्यापैकी सरळ पडतं. मेच्या मध्याला मात्र पुण्यात शून्य सावली दिवस येतो, सूर्य अगदी डोक्यावर. त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत तो दुपारी चक्क थोडा उत्तरेकडे असतो. या अडीच महिन्यांत दक्षिणेकडे कललेलं पॅनेल सूर्याकडे किंचित पाठच फिरवून उभं असतं. बर्लिनच्या माणसाला हे ऐकून नवल वाटेल, कारण त्याच्या डोक्यावर सूर्य कधीच येत नाही.

पूर्व-पश्चिम मांडणी म्हणजे पत्त्यांचा तंबू. दोन पॅनेलं पाठीला पाठ लावून, एकाचा उतार पूर्वेकडे, दुसऱ्याचा पश्चिमेकडे, दोन्हींचा कल साधारण दहा अंश. हा कल मुद्दाम कमी ठेवतात. जास्त उभं केलं तर सकाळी पश्चिमेचं पॅनेल आणि दुपारनंतर पूर्वेचं पॅनेल उन्हाला जवळजवळ मुकतं. दहापेक्षा कमीही करत नाहीत, कारण मग पावसाचं पाणी खालच्या चौकटीपाशी साचतं आणि वाळल्यावर तिथे मातीची पट्टी राहते.

आता एका पॅनेलमागे किती वीज जाते ते पाहू. पुण्यात दक्षिणेकडे पंधरा अंश कललेलं, सावली नसलेलं एक किलोवॅट वर्षाला ढोबळमानाने १,५०० युनिट देतं. दहा अंशांच्या पूर्व-पश्चिम तंबूत तेच एक किलोवॅट सुमारे १,४०० युनिट देईल. आजकाल सर्रास मिळणारं ५५० वॅटचं पॅनेल धरलं तर हे वर्षाला ८२५ विरुद्ध ७७० युनिट झालं. म्हणजे सहा-सात टक्क्यांचा तोटा. हे आकडे माझ्यावर विश्वास ठेवून घेऊ नका. PVWatts नावाचं फुकट गणितयंत्र इंटरनेटवर आहे. त्यात आपलं गाव टाकून आधी १८० दिशा आणि पंधरा अंश कल द्यायचा, मग दहा अंश कल ठेवून ९० आणि २७० अशा दोन दिशा वेगवेगळ्या टाकून त्यांची सरासरी काढायची. १८० म्हणजे दक्षिण, ९० पूर्व, २७० पश्चिम. पाच मिनिटांचं काम आहे, आणि ठेकेदाराने कागदावर लिहिलेला आकडा फुगवलेला आहे का ते लगेच कळतं.

हा तोटा वर्षभर सारखा पसरलेला नसतो. डिसेंबरच्या दुपारी तंबूवरचं थेट ऊन दक्षिणमुखी पॅनेलच्या मानाने सुमारे अठरा टक्के कमी पडतं. मे-जूनमध्ये उलट होतं आणि तंबू थोडा पुढेच राहतो. पावसाळ्यात ढगांमुळे उजेड सगळ्या आकाशातून झिरपतो, तेव्हा दिशेला फारसा अर्थ उरत नाही. म्हणून दिवाळीनंतर बसवलेल्या पूर्व-पश्चिम संचाचे पहिले दोन-तीन महिने पाहून घाबरायचं नसतं. एप्रिलच्या बिलापर्यंत थांबावं.

तोट्याचा प्रश्न असा सुटला, पण भावाचा प्रश्न एका पॅनेलचा नव्हताच, तो गच्चीचा होता. अरुंद जागेत दक्षिणमुखी पॅनेलांना एक खोड असते : पुढच्या रांगेची सावली मागच्या रांगेवर पडते. ५५० वॅटचं पॅनेल साधारण २.२८ मीटर लांब आणि १.१३ मीटर रुंद असतं. ते उभं ठेवून पंधरा अंश कललं तर त्याची मागची कड पुढच्या कडेपेक्षा ५९ सेंटिमीटर वर जाते. २१ डिसेंबरला सूर्याच्या वेळेने सकाळी नऊ ते दुपारी तीन या काळात मागच्या रांगेवर सावली नको असेल, तर मध्ये सत्तर सेंटिमीटर जागा सोडावी लागते. (सूर्याच्या वेळेने म्हटलं, कारण पुण्यात सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात बारा पस्तीसच्या आसपास झालेले असतात. आपलं घड्याळ चालतं प्रयागराजजवळच्या रेखावृत्तावर.)

भावाच्या गच्चीवर हे मांडून पाहिलं. तेरा फूट म्हणजे ३.९६ मीटर. दक्षिणेचा कठडा तीन फुटी, आणि पॅनेलांची खालची कड स्लॅबपासून दीड फुटावर. त्या कठड्याची हिवाळी सावली टाळायला अर्धा मीटर सोडला. पहिली रांग २.२ मीटर जागा खाते. उरली सव्वा मीटर. त्यात सत्तर सेंटिमीटरची मोकळीक सोडून दुसरी रांग? उभी नाही, आडवीही नाही. म्हणजे एकच रांग. ३३ फुटांत क्लँपांची फट धरून आठ पॅनेलं बसतात, ४.४ किलोवॅट. मागची चार फुटांची पट्टी रिकामी, पापड-कुरड्या वाळवायला.

तंबू मांडल्यावर चित्र बदललं. दक्षिणेच्या कठड्यापासून तोच अर्धा मीटर सोडला, आणि मग उत्तरेच्या कठड्यापर्यंत तीन पॅनेलं शेजारी शेजारी, अगदी मापात बसली. एका तंबूची रुंदी पूर्व-पश्चिम साडेचार मीटरच्या थोडी वर. दोन तंबू, मधल्या खोलगटात चाळीस सेंटिमीटर वाट, आणि पूर्वेच्या कठड्यापाशी दीड फूट. एकूण बारा पॅनेलं, ६.६ किलोवॅट. तंबूचा माथा दहा अंशांच्या कलामुळे जेमतेम ८५ सेंटिमीटरवर राहतो, म्हणजे कठड्याच्या आडच. एक तंबू दुसऱ्यावर दिवसाच्या कामाच्या वेळात सावली टाकत नाही, म्हणून रांगेमागची ती वाया जाणारी पट्टी इथे नाही.

सावली वजा केली नाही तर हिशेब खोटा होतो, आणि दुसऱ्या ठेकेदाराने ती वजा केली नव्हती. जिन्याची खोली आठ फूट उंच, पश्चिमेला, पॅनेलांपासून फक्त चार फुटांवर. मार्च-सप्टेंबरच्या सुमारास घड्याळात अडीच वाजले की तिची सावली पश्चिमेकडच्या पहिल्या तीन पॅनेलांच्या कडेला टेकते, आणि साडेचारपर्यंत त्यांना पुरती गिळते. नेमकी ही तीन पॅनेलं पश्चिमेकडे तोंड करून आहेत, त्यांची कमाईच दुपारनंतरची. पूर्वेच्या कठड्याची सकाळची थोडी सावलीही आहेच. मी सगळं मिळून पाच टक्के कापले. दक्षिणमुखी रांगेतही खोलीजवळच्या एक-दोन पॅनेलांना फटका बसतो, पण रांगेच्या मानाने थोडा. तिथे अडीच टक्के कापले. उरलं ते असं : दक्षिणेची आठ पॅनेलं वर्षाला सुमारे ६,४५० युनिट, तंबूतली बारा सुमारे ८,८०० युनिट. दर पॅनेलमागे तोटा, पण गच्चीमागे एकतृतीयांशाहून जास्त नफा.

मग उत्तर पूर्व-पश्चिम, असं म्हणून मी फोन ठेवणार होतो. पण त्याच्या पलीकडच्या गल्लीतली घरं आठवली. तीही तशीच अरुंद, फक्त ती दक्षिणोत्तर लांब आहेत. तेवढंच माप नव्वद अंशांत फिरवून पाहिलं : रुंदी तेरा फूट पूर्व-पश्चिम, लांबी ३३ फूट दक्षिणोत्तर. आता दक्षिणमुखी रांगा एकामागे एक लावायला लांबीच लांबी आहे. एका रांगेत तीन पॅनेलं, आणि मध्ये सत्तर सेंटिमीटर सोडून अशा तीन रांगा, म्हणजे नऊ पॅनेलं. तंबू मात्र इथे अडतो, कारण उभ्या पॅनेलांच्या जोडीला साडेचार मीटर रुंदी लागते, आणि ती नाही. पॅनेलं आडवी करून कण्याच्या दोन्ही बाजूंना लावली तर लांबीत चार जोड्या, म्हणजे आठच पॅनेलं. पॅनेलं कमी आणि वर दर पॅनेलमागे तोटाही. त्या गल्लीत पूर्व-पश्चिम सुचवणारा ठेकेदार खरोखरच गंडवत असेल, किंवा त्याने टेप काढलेली नसेल.

ही मांडणी आपल्याकडे युरोपातून आली, हे लक्षात ठेवलं तर पुष्कळ गोंधळ कमी होतो. बर्लिनला डिसेंबरच्या दुपारी सूर्य क्षितिजावर फक्त चौदा अंश चढतो, आणि वस्तूची सावली तिच्या उंचीच्या चौपट पडते. तिथे दक्षिणमुखी दोन रांगांमध्ये एवढी जागा सोडावी लागते की सपाट छताचा मोठा भाग मोकळा राहतो. तंबू ती जागा भरून काढतो, म्हणून तिथे तो जोरात चालला. शिवाय जर्मनीत ग्रिडला दिलेल्या युनिटचे पैसे विकत घेतलेल्या युनिटपेक्षा फार कमी मिळतात. सकाळ-संध्याकाळ थोडी जास्त वीज घरातच वापरता आली तर तिथल्या माणसाचा फायदा. पुण्यात डिसेंबरच्या दुपारी सावली उंचीपेक्षाही थोडी आखूड असते आणि रांगांमधली जागा मुळात कमी लागते. आणि नेट मीटरमध्ये दुपारी दिलेलं युनिट रात्री वापरलेल्या युनिटमधून वजा होतं, तेव्हा घरगुती ग्राहकाला वीज कोणत्या तासाला तयार झाली यापेक्षा एकूण किती झाली हे महत्त्वाचं. पूर्व-पश्चिम मांडणीत दिवसाचा आलेख उंटाच्या दोन मदारींसारखा होतो असं चित्र माहितीपत्रकांत असतं. दहा अंश कलाला, पुण्याच्या उन्हात, अशा मदारी दिसत नाहीत. डोंगर एकच असतो, पायथ्याशी थोडा पसरट.

असं असेल तर आपल्याकडे तंबूचा खरा उपयोग काय? माझ्या मते वारा.

कारण भावाच्या गच्चीवर तिसराही एक मार्ग होता. दक्षिणेकडे कललेलं एकच सलग छप्पर करायचं : पुढे आठ पॅनेलं उभी, त्यांना लागून त्याच उतारात मागे चार आडवी. एकाच उतारात असल्यामुळे सावलीचा प्रश्न नाही, फट नाही, बारा पॅनेलं आणि तीही दक्षिणेला! महाराष्ट्रात हल्ली सात-आठ फूट उंच लोखंडी सांगाडा करून असंच छप्पर घालतात, खाली गच्ची वापरायला मोकळी. युनिटांच्या स्पर्धेत हाच मार्ग जिंकतो.

पण ते छप्पर वाऱ्याला तोंड देऊन उभं राहिलं पाहिजे. भारतीय मानकात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरतात. त्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ९३ किलो येतो. सलग छपराचं क्षेत्रफळ जवळजवळ एकतीस चौरस मीटर, उत्तरेची उंच बाजू उघडी. मेमधल्या वळवाचा वारा त्या उघड्या बाजूने आत शिरला तर वर उचलणारं बल अडीच-तीन टनांच्या घरात जाऊ शकतं. ते धरायला नुसते काँक्रीटचे ठोकळे ठेवून भागत नाही. सांगाड्याचे पाय स्लॅबमध्ये अँकर बोल्टने बांधावे लागतात, शक्यतो खालच्या कॉलमवर किंवा बीमवर. भावाने दोनच वर्षांपूर्वी गच्चीला वॉटरप्रूफिंग करून घेतलं होतं, आणि स्लॅबला एकही भोक पाडायचं नाही यावर वहिनी ठाम होत्या. पावसाळ्यात गळणाऱ्या छताखाली बादल्या ठेवत ज्याने दिवस काढलेत, त्याला हा हट्ट समजतो. कठड्याच्या आड लपलेला बुटका तंबू वाऱ्याला पकडायला जागाच देत नाही. पूर्वेकडून आला काय, पश्चिमेकडून आला काय, वारा उतारावरून घसरून जातो. म्हणून तो रबरी पट्ट्यांवर ठेवलेल्या रुळांवर आणि ठोकळ्यांच्या वजनावर उभा राहू शकतो. किती ठोकळे आणि कुठे, हे मात्र स्ट्रक्चरल इंजिनीअरने लिहून द्यायला हवं. ठेकेदाराच्या अंदाजावर ते सोडू नये. आणि ते वजन स्लॅब पेलेल का, हेही त्यानेच सांगायचं.

पूर्व-पश्चिम मांडणीत सगळ्यात जास्त होणारी चूक वायरिंगची आहे, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. पॅनेलं एकापुढे एक जोडून स्ट्रिंग करतात. या साखळीत वीज पाण्यासारखी वाहते, सगळ्यांत अरुंद नळीतून जेवढं जाईल तेवढंच. मार्चमध्ये सकाळी साडेआठला पूर्वेकडच्या पॅनेलावर पश्चिमेकडच्याच्या दुपटीने थेट ऊन असतं. दोघं एकाच साखळीत असतील तर पूर्वेचं पॅनेल पश्चिमेच्या चालीने चालतं. दुपारनंतर उलट. म्हणून पूर्वेची सहा एका स्ट्रिंगमध्ये, पश्चिमेची सहा दुसऱ्या स्ट्रिंगमध्ये, आणि इन्व्हर्टरला दोन स्वतंत्र एमपीपीटी हवेत. एमपीपीटी म्हणजे प्रत्येक स्ट्रिंगकडून त्या क्षणाला जास्तीत जास्त वीज काढून घेणारा भाग. खोलीच्या सावलीत जाणारी तीन पॅनेलं पश्चिमेच्या स्ट्रिंगमध्येच येतात, तेव्हा त्यांचा त्रास पूर्वेला होत नाही.

हे नीट झालंय की नाही ते घरमालक स्वतः तपासू शकतो. इन्व्हर्टरच्या अ‍ॅपमध्ये PV1 आणि PV2 असे दोन आकडे दिसतात. स्वच्छ उन्हाच्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास पूर्वेचा आकडा पश्चिमेच्या दुप्पट किंवा जास्त असायला हवा, साडेबाराला दोन्ही जवळजवळ सारखे, आणि साडेचारला पश्चिमेचा पुढे. अ‍ॅपमध्ये एकच आकडा हलत असेल आणि दुसरा शून्यावर असेल, तर बाराही पॅनेलं एकाच साखळीत ओवली आहेत. दोन्ही आकडे सकाळपासून संध्याकाळपर्यंत जोडीने चढत-उतरत असतील, तर दोन्ही स्ट्रिंगमध्ये दोन्ही दिशांची पॅनेलं मिसळली आहेत. एका ओळखीच्या घरी आम्ही असा घोटाळा पकडला होता. त्या संचाला "ढगाळ वर्ष आहे" असं सांगून सहा महिने काढले होते. वायरमनने अर्ध्या दिवसात कनेक्शन फिरवली आणि सकाळचे युनिट वाढले.

दुसरा त्रास कबुतरांचा. दोन्ही बाजूंनी उतार असलेला, आत सावली, वारा नाही. कबुतराला याहून चांगलं बाळंतपणाचं घर कोण देणार? तंबूच्या उघड्या बाजूंना पहिल्याच दिवशी जाळी मारावी, घरटी झाल्यावर नाही. आणि मधली चाळीस सेंटिमीटरची वाट कुणी "इथे अजून एक पॅनेल बसेल" म्हणून खाऊ दिली नाही पाहिजे. पुसायला हात पोचला नाही तर सहा-सात टक्के धुळीतच जातात.

एवढं सगळं झाल्यावर भावाला मी एक प्रश्न विचारला, जो खरं तर पहिल्या दिवशी विचारायला हवा होता : तुला वीज किती लागते? दोन मजले, दोन एसी, आणि नवी इलेक्ट्रिक गाडी. महिन्याला सरासरी सातशे युनिट, म्हणजे वर्षाला ८,४००. एका रांगेचं ६,४५० पुरणार नव्हतं, तंबूचं ८,८०० बरोबर बसत होतं. त्याच्या शेजारच्या काकांचं बिल मात्र तीनशे युनिटांचं. त्यांना वर्षाला ३,६०० युनिट पुरतात. पंतप्रधान सूर्यघर योजनेतलं केंद्राचं अनुदान तीन किलोवॅटलाच ७८,००० रुपयांवर थांबतं, त्यापुढच्या प्रत्येक पॅनेलचा पैसा खिशातला. वर्षअखेर उरलेल्या युनिटांना मिळणारा दर आपण भरतो त्या दरापेक्षा खूपच कमी. तीच गच्ची, तेच तेरा फूट, पण काकांनी दक्षिणेला सहा पॅनेलांची एक रांग लावली आणि मागची पट्टी काकूंच्या कुंड्यांना दिली.

भावाकडे आता दोन तंबू आहेत. परवा त्याने अ‍ॅपचा फोटो पाठवला, सकाळी आठ दहाचा. PV1 वर ११४०, PV2 वर ४९०. खाली लिहिलं होतं, "दादा, पूर्व जागी झाली, पश्चिम अजून झोपलीय."